आकृती कुठून कुठे गेली?

चौकटींच्या कागदावर दोन त्रिकोण काढलेले असतात. एकावर ‘अबक’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘अ′ब′क′’, आणि खाली प्रश्न असतो: पहिला त्रिकोण दुसऱ्यावर नेणारं एकच रूपांतर पूर्णपणे वर्णन करा. लंडनमध्ये जीसीएसईची तयारी करणाऱ्या किंवा मुंबई-पुण्यात केंब्रिजचा आयजीसीएसई अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांच्या वर्कशीटमध्ये हा प्रश्न हमखास येतो, आणि अमेरिकेत आठवीच्या सुमाराला हाच विषय असतो. आपल्याकडे बालभारतीच्या पुस्तकांत सममिती आधी भेटते आणि निर्देशक भूमिती नववीत, त्यामुळे या दोन गोष्टी एकाच कागदावर एकत्र येण्याचा योग मुलांना फारसा मिळत नाही. म्हणूनच घरी मदत करायला बसलेले आईबाबा या प्रश्नापाशी थबकतात.

प्रश्नातला वजनदार शब्द ‘पूर्णपणे’ हा आहे. ‘त्रिकोण फिरवला’ एवढं उत्तर अपुरं, कारण ते वाचून दुसऱ्या कोणाला तो त्रिकोण त्याच जागी काढता येणार नाही. परावर्तन असेल तर आरसा कुठे धरला ती रेषा सांगावी लागते. भ्रमण असेल तर कोणत्या बिंदूभोवती, किती अंशांतून आणि कोणत्या दिशेनं, या तिन्ही गोष्टी लागतात. बऱ्याच उत्तरपत्रिकांमध्ये नुसतं अंतिम उत्तर छापलेलं असतं. ते कसं शोधायचं हे मुलाला कळत नाही, आणि खरं शिकण्यासारखं तर तेच असतं.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहू. आडवा क्ष-अक्ष, उभा य-अक्ष, दोघे छेदतात तो आरंभबिंदू. त्रिकोणाचे शिरोबिंदू अ(२, १), ब(५, १) आणि क(५, ३). अ पासून ब तीन घरं उजवीकडे, ब पासून क दोन घरं वर. ब पाशी काटकोन आहे. दुसरा त्रिकोण आहे अ′(−१, ०), ब′(−१, ३), क′(−३, ३).

पहिला प्रश्न असा की हे परावर्तन आहे की भ्रमण? त्यासाठी अ-ब-क या क्रमानं बोट फिरवायचं. मूळ त्रिकोणात बोट उजवीकडे जातं, मग वर, आणि तिरपं खाली परत येतं, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. दुसऱ्या त्रिकोणात ते आधी वर जातं, मग डावीकडे, मग परत. इथेही उलटच दिशा. दिशा तीच राहिली, म्हणजे आरसा वापरलेला नाही. आरशात दिशा नेहमी पालटते: हाच त्रिकोण क्ष-अक्षात परावर्तित केला तर बिंदू (२, −१), (५, −१), (५, −३) होतात, बोट उजवीकडे आणि मग खाली जातं, म्हणजे काट्यांच्या दिशेनं फिरतं. या एका कसोटीनं अर्धं उत्तर मिळतं. ‘दिसायला आरशासारखं वाटतं’ या अंदाजावर मुलांनी विसंबू नये असं मला फार वाटतं, कारण समद्विभुज त्रिकोणासारखी आकृती असली आणि बिंदूंना नावं दिलेली नसली, तर डोळा सहज फसतो.

भ्रमण ठरलं. आता कोन आणि दिशा. अब ही बाजू उजवीकडे जात होती, अ′ब′ वर जाते. उजवीकडची दिशा वर वळवायची तर घड्याळाच्या उलट दिशेनं ९० अंश फिरावं लागतं. घड्याळाच्या दिशेनं २७० अंश लिहिलं तरी उत्तर बरोबरच आहे, कारण शेवटी त्रिकोण त्याच जागी थांबतो. दिशा न लिहिता नुसतं ‘९० अंश’ लिहिलं तर मात्र ते चूक. १८० अंशांना तेवढी सूट आहे, तिथे कोणत्याही बाजूनं फिरलं तरी एकच जागा येते.

अवघड भाग म्हणजे केंद्र शोधणं. बरीच मुलं इथे सवयीनं ‘आरंभबिंदूभोवती’ असं लिहून मोकळी होतात. खरं खोटं तपासायला क्षणभर पुरतो. अ पासून आरंभबिंदू दोन घरं आडवा आणि एक घर उभा, अ′ मात्र आरंभबिंदूपासून फक्त एका घरावर. फिरताना केंद्रापासूनचं अंतर बदलत नाही, म्हणून आरंभबिंदू इथे केंद्र असूच शकत नाही.

त्याच गोष्टीचा उपयोग करून खरं केंद्र सापडतं. ते अ आणि अ′ पासून सारख्या अंतरावर हवं, तसंच ब आणि ब′ पासून, क आणि क′ पासूनही. दोन बिंदूंपासून सारख्या अंतरावरचे सगळे बिंदू त्यांना जोडणाऱ्या रेषाखंडाच्या लंबदुभाजकावर असतात. म्हणून दोन लंबदुभाजक काढायचे, ते छेदतील तिथे केंद्र. सोपी जोडी आधी घ्यावी. क(५, ३) आणि क′(−३, ३) एकाच आडव्या रेषेवर आहेत, त्यांचा मध्य (१, ३), आणि लंबदुभाजक ही त्यातून जाणारी उभी रेषा, म्हणजे क्ष = १. आता ब(५, १) आणि ब′(−१, ३). यांचा मध्य (२, २). ब पासून ब′ कडे जाताना आपण सहा घरं डावीकडे आणि दोन वर जातो, म्हणजे दर तीन घरांना एक घर चढ. त्याला लंब असलेली रेषा एक घर बाजूला गेली की तीन घरं चढते किंवा उतरते. (२, २) पासून एक घर डावीकडे आणि तीन खाली आलं की (१, −१). तो क्ष = १ या रेषेवर आहेच. केंद्र सापडलं.

पडताळा अ वर घेऊ, कारण त्याला अजून हात लावलेला नाही. (१, −१) पासून अ एक घर उजवीकडे आणि दोन घरं वर. घड्याळाच्या उलट ९० अंश फिरवल्यावर उजवीकडचं एक घर वर जातं आणि वरची दोन घरं डावीकडे. केंद्रापासून दोन डावीकडे, एक वर: (−१, ०). हाच अ′. तेव्हा पूर्ण उत्तर: बिंदू (१, −१) भोवती, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं, ९० अंशांतून भ्रमण. कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्रिकोण गिरवला, (१, −१) वर पेन्सिलीचं टोक रोवलं आणि कागद फिरवला, तरी हेच दिसतं. जीसीएसईच्या परीक्षेत ट्रेसिंग पेपर वापरता येतो, तो याच कामासाठी.

परावर्तनात केंद्राची जागा आरसारेषा घेते. तिथली सर्वांत नेहमीची चूक अक्षाच्या नावामुळे होते. ‘य = −१ या रेषेत परावर्तन करा’ म्हटलं की मुलं उभी रेषा काढतात, कारण य-अक्ष उभा. पण य = −१ म्हणजे ज्यांचा य-निर्देशक −१ आहे असे सगळे बिंदू, आणि ते आडव्या रेषेत येतात. आपला अ(२, १) या रेषेच्या दोन घरं वर आहे, म्हणून त्याचं प्रतिबिंब दोन घरं खाली, (२, −३). क चार घरं वर, म्हणून (५, −५). पडताळ्यासाठी बिंदू आणि त्याचं प्रतिबिंब यांचा मध्य काढावा, तो आरसारेषेवर पडलाच पाहिजे. पण मध्य पुरेसा नाही, बिंदू आणि प्रतिबिंब जोडणारी रेषा आरशाला लंबही हवी. ही दुसरी अट तिरप्या आरशात विसरली जाते. य = क्ष या आरशाला सामोरं जाताना मुलं सरळ आडवी घरं मोजतात, खरं तर चौकटींच्या कर्णांवरून तिरपं मोजायला हवं. मग क(५, ३) चं प्रतिबिंब (३, ५) येतं. निर्देशकांची अदलाबदल झाली, एवढंच.

सममितीच्या प्रश्नांतली एक जुनी चूकही याच विसरलेल्या अटीतून येते. च(०, ०), छ(४, ०), ज(६, ३), झ(२, ३) हा समांतरभुज चौकोन घ्या. याला सममितीच्या किती रेषा? उत्तर शून्य, तरीही अनेक वह्यांमध्ये दोन्ही कर्ण आखलेले दिसतात. मुलं उगाच आखत नाहीत. छ आणि झ यांचा मध्य (३, १.५), आणि तो चज या कर्णावरच आहे. म्हणजे मध्याची अट पुरी होते. पण छ पासून झ कडे जाताना दोन घरं डावीकडे आणि तीन वर जातो, तर कर्ण सहा घरांना तीन चढतो. हा कर्ण छझ ला लंब असता तर सहा घरांना चार चढला असता. लंबाची अट मोडली, आरसा नाही. कागद कापून त्या कर्णावर दुमडला तर छ हे टोक झ वर न बसता बाजूला पडतं. आयताचंही असंच होतं. समभुज चौकोनाचे कर्ण मात्र एकमेकांना लंब असतात, म्हणून तिथे दोन्ही कर्ण खरे सममिती-अक्ष ठरतात.

समांतरभुज चौकोन आरशात बसत नाही, पण (३, १.५) भोवती १८० अंश फिरवला की स्वतःवरच बसतो. दर बिंदूचा क्ष-निर्देशक सहातून आणि य-निर्देशक तीनातून वजा करून पाहा: च जातो ज वर, छ जातो झ वर. पूर्ण फेरीत तो दोनदा स्वतःशी जुळतो, म्हणून त्याच्या भ्रमण सममितीची कोटी २. आरसा नसूनही सममिती असू शकते, हे या एका आकृतीवर लख्ख दिसतं.

आता त्या नियमाकडे येऊ, जो मुलं तक्त्यावरून पाठ करतात: आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट ९० अंश फिरवलं की (क्ष, य) चा (−य, क्ष) होतो. चिन्ह आधी लावायचं की नंतर, यात गोंधळ ठरलेला. तक्ता बाजूला ठेवून दोन आरसे हाती घेतले तर नियम आपसूक तयार होतो. आधी क्ष-अक्षात परावर्तन: (क्ष, −य). मग य = क्ष या आरशात, म्हणजे अदलाबदल: (−य, क्ष). पहिल्या आरशानं बोटाची दिशा पालटली, दुसऱ्यानं ती परत पूर्ववत केली, म्हणून निष्पन्न भ्रमण झालं. दोन आरशांमध्ये ४५ अंशांचा कोन होता आणि भ्रमण त्याच्या दुप्पट, ९० अंशांचं. क्ष-अक्ष आणि य-अक्ष हे दोन आरसे घेतले तर त्यांच्यातला कोन ९०, भ्रमण १८० अंशांचं, आणि दोन्ही निर्देशकांची चिन्हं बदलतात. छेदणाऱ्या कोणत्याही दोन रेषांना हे लागू आहे, आणि त्यांचा छेदनबिंदू हेच भ्रमणाचं केंद्र असतं.

आरशांचा क्रम मात्र सांभाळावा लागतो. आधी य = क्ष आणि नंतर क्ष-अक्ष घेतला तर (क्ष, य) चा (य, −क्ष) होतो. कोन ९० अंशांचाच, पण घड्याळाच्या दिशेनं. आपला अ(२, १) पहिल्या क्रमानं (−१, २) वर जातो आणि दुसऱ्या क्रमानं (१, −२) वर, आरंभबिंदूच्या बरोबर समोरच्या बाजूला.