फॅन कॉइल युनिट

फॅन कॉइल युनिट हे केंद्रीय वातानुकूलन यंत्रणेतील खोलीतली हवा थंड करणारे उपकरण आहे. कार्यालयांत ते बहुधा फॉल्स सीलिंगच्या वर बसवतात. चिलरमध्ये थंड झालेले पाणी पंपाद्वारे त्याच्या तांब्याच्या कॉइलमधून फिरते आणि पंखा खोलीतील हवा त्या कॉइलवरून वाहवतो. थर्मोस्टॅटच्या संकेतानुसार अ‍ॅक्च्युएटर झडप उघडतो किंवा बंद करतो.

शीतनक्षमता
पाणी किती उष्णता वाहून नेते, हे प्रवाह आणि येणाऱ्या व परतणाऱ्या पाण्याच्या तापमानांतील फरक यांवर अवलंबून असते. ७ °से.ला येणारे पाणी मिनिटाला १० लिटर या दराने वाहून १२ °से.ला परतत असेल, तर सुमारे ३.५ किलोवॅट, म्हणजे साधारण १ टन शीतन मिळते. प्रवाह ३ लिटरवर आला आणि पाणी १५ °से.ला परतू लागले, तर फरक ५ वरून ८ अंशांवर जातो, तरीही शीतन जेमतेम १.७ किलोवॅट राहते. त्यामुळे वाढलेला फरक हे चांगल्या कामाचे नव्हे, तर अपुऱ्या प्रवाहाचे लक्षण असू शकते.

झडपेतील बिघाड
झडप बंद स्थितीत अडकल्यास पंखा चालू असूनही खोली थंड होत नाही. ती उघडी अडकल्यास खोली गरजेपेक्षा थंड होते. पंखा बंद असतानाही कॉइल थंड राहून बाहेरील भागावर दव साचते व छतातून पाणी ठिबकते. औष्णिक अ‍ॅक्च्युएटरला झडप उघडण्यास काही मिनिटे लागतात, म्हणून तपासणीत तेवढा अवधी द्यावा लागतो.

कॉइलमध्ये अडकलेली हवा
यंत्रणा रिकामी करून पुन्हा भरल्यावर हवा कॉइलच्या वरच्या भागात साचते. तेथील नळ्यांतून पाणी फिरत नाही, त्यामुळे कॉइलचा वरचा भाग कोमट, खालचा थंड राहतो आणि खळखळ ऐकू येते. सर्वांत वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब कमी असल्याने तेथे हा त्रास अधिक आढळतो.

निदान
बंद झडप आणि अडकलेली हवा या दोहोंची तक्रार सारखीच असते. थंड पाणी युनिटपर्यंत पोहोचत असल्याची खात्री करून झडप हस्तचलित तरफेने उघडतात. परतीची नळी लगेच थंड होऊ लागली, तर दोष अ‍ॅक्च्युएटरमध्ये किंवा त्याच्या विद्युतपुरवठ्यात असतो. तसे न झाल्यास पंप थांबवून कॉइलवरील एअर व्हेंट किंचित उघडतात. फुसकारत हवा निघून नंतर पाण्याची अखंड धार आली आणि पंप सुरू केल्यावर नळी थंड झाली, तर हवा हेच कारण ठरते. हवा न निघाल्यास तुंबलेली गाळणी किंवा झडपेचा अडकलेला दांडा तपासावा लागतो.

व्हेंट उघडल्यावर पाणी न येता हवा आत ओढली जात असेल, तर तेथील दाब वातावरणीय दाबापेक्षा कमी असतो. अशा वेळी व्हेंट तत्काळ बंद करून आधी यंत्रणेचा दाब वाढवावा लागतो. काढलेली हवा काही दिवसांत पुन्हा साचत असल्यास मूळ दोष सहसा कॉइलमध्ये नसून गळतीत किंवा एक्स्पान्शन टँकच्या अपुऱ्या दाबात असतो.