वर्गाच्या पालक ग्रुपचे नाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्गाच्या पालक ग्रुपच्या नावाला तीन कामे करावी लागतात. ग्रुप कोणाचा आणि कशासाठी आहे हे त्याने सांगावे, वाचणाऱ्या कोणालाही ते कमीपणा आणणारे नसावे, आणि फोनमधल्या पन्नास-साठ ग्रुपांतून ते चटकन सापडावे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पालकाच्या व्हॉट्सअॅपवर गावचा, भावकीचा, बचतगटाचा, कापूस खरेदीचा आणि प्रत्येक मुलाच्या वर्गाचा असे कितीतरी ग्रुप असतात. उद्या शाळा सकाळची आहे की दुपारची, हे पाहायला फोन उघडला की या गर्दीतून नेमका वर्गाचा ग्रुप शोधावा लागतो. तो सापडत नाही, त्यामागे बहुतेक वेळा नाव ठेवण्याबद्दलचे काही पक्के गैरसमज असतात.

गैरसमज १ : शाळेचे पूर्ण नाव आधी लिहिले की ग्रुप स्पष्ट होतो.

वस्तुस्थिती : व्हॉट्सअॅपवर ग्रुपचे नाव १०० अक्षरांपर्यंत लिहिता येते, पण चॅटच्या यादीत ते एकाच ओळीत दिसते आणि मावेल तिथे तुटते. फोनचा आकार आणि अक्षरांचा आकार यांवर हे अवलंबून असले, तरी साधारण २० ते २५ अक्षरे दिसतात असे धरून चालावे. डोळ्यांना त्रास असलेल्या आजीने अक्षरे मोठी करून ठेवली असतील, तर त्याहूनही कमी.

समजा, दारव्हा येथील एका पालकाची तीन मुले एकाच जिल्हा परिषद शाळेत दुसरी, पाचवी आणि आठवीत शिकतात. तिन्ही ग्रुपांची नावे `जि. प. उच्च प्राथमिक शाळा दारव्हा` अशी सुरू होतात आणि इयत्ता शेवटी येते. यादीत तिन्ही ठिकाणी `जि. प. उच्च प्राथमिक शाळा दारव्हा…` एवढेच दिसते. पाचवीच्या मुलाची सूचना शोधताना पालक दुसरीचा ग्रुप उघडतो, कधी आठवीच्या ग्रुपवर दुसरीच्या मुलाची रजा कळवून बसतो. नाव लांब असूनही ते काहीच सांगत नाही, कारण वेगळेपण दाखवणारा भाग दिसण्याआधीच ते तुटते.

म्हणून एका ग्रुपला दुसऱ्यापासून वेगळे करणारी गोष्ट, म्हणजे इयत्ता आणि तुकडी, सर्वांत आधी हवी. शाळेचे पूर्ण नाव, केंद्र, पंचायत समिती वगैरे तपशील ग्रुपच्या माहितीच्या चौकटीत लिहिता येतो. तिथे जागा भरपूर असते.

गैरसमज २ : नावाआधी ‘अ’, शून्य किंवा चांदणी लावली की ग्रुप वर राहतो.

वस्तुस्थिती : फोनमधले संपर्क नावाच्या क्रमाने लागतात, म्हणून ही समजूत झाली असावी. चॅटची यादी मात्र नावाच्या क्रमाने लागत नाही. ज्या ग्रुपवर शेवटचा संदेश ताजा, तो वर येतो. दिवसभर गप्पा चालणारा भावकीचा ग्रुप वर राहतो आणि आठवड्यातून दोनच सूचना येणारा वर्गाचा ग्रुप खाली जातो, मग त्याच्या नावाआधी काहीही असो.

ग्रुप वर ठेवायचा तर प्रत्येक पालकाला आपल्या फोनवर तो ‘पिन’ करता येतो. चॅटवर बोट दाबून धरले की पिनचे चिन्ह दिसते. पण पिन करण्याच्या जागा मोजक्याच असतात आणि सगळे पालक ती सोय वापरत नाहीत. त्यामुळे खरा उपयोग होतो तो वरच्या शोध पट्टीचा. तिथे दोन-तीन अक्षरे टाइप केल्यावर ग्रुप समोर यावा, असे नाव हवे. सुरुवातीला लावलेल्या चांदण्या, फुले आणि हात जोडलेली चित्रे या शोधात कामी येत नाहीत. उलट, दिसणाऱ्या मोजक्या अक्षरांतल्या दोन-तीन जागा ती खातात.

गैरसमज ३ : नाव मराठीत लिहिले काय आणि इंग्रजी अक्षरांत काय, शोधताना सारखेच.

वस्तुस्थिती : शोध पट्टी उच्चार ओळखत नाही, अक्षरे जुळवते. ग्रुपच्या नावात `पालक` असेल आणि कोणी `palak` टाइप केले, तर तो ग्रुप मिळत नाही. म्हणून नाव ठरवण्याआधी त्या वर्गाचे पालक फोनवर कोणत्या लिपीत लिहितात, हे पाहावे. मराठी माध्यमाच्या शाळेत देवनागरी योग्य. जिथे बरेच पालक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, तिथे इयत्ता आणि तुकडी दोन्ही रूपांत देता येते : `5वी अ 5A पालक`.

अंकांचेही तसेच आहे. `५` आणि `5` वाचताना एकच असले, तरी संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी अक्षरे आहेत. बहुतेकांच्या कीबोर्डवर `5` आधी येतो, म्हणून नावात तोच अंक ठेवणे सोयीचे. इयत्ता आणि तुकडी यांच्यात एक जागा मोकळी सोडावी. `5वीअपालक` असे चिकटून लिहिले, तर वाचणेही अवघड आणि `पालक` हा शब्द टाइप करून शोधणेही बेभरवशाचे.

गावाचे नावही लोक लिहितात तसेच ठेवावे. केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा आहे. तिथल्या शाळेच्या ग्रुपला कागदोपत्री तालुका म्हणून ‘केळापूर’ नाव दिले, तर शोधणारा पालक ‘पांढर’ टाइप करत राहील.

गैरसमज ४ : ‘आदरणीय’, ‘सन्माननीय’ असे शब्द घातले की नाव सभ्य होते.

वस्तुस्थिती : असे शब्द जागा घेतात, सभ्यपणा मात्र ठरतो तो नाव कोणाला वगळते आणि कोणावर शिक्का मारते यावरून. `5वी मम्मी ग्रुप` या नावात वडिलांना, आणि ज्या मुलाला आजी किंवा काका सांभाळतात त्या घराला जागाच राहत नाही. मजुरीसाठी आई-वडील काही महिने बाहेरगावी जातात आणि मूल आजी-आजोबांकडे राहून शाळेत जाते, अशी घरे या जिल्ह्यात आहेत. काही घरांत वडील हयात नाहीत. ‘पालक’ हा शब्द या सगळ्यांना सामावून घेतो.

दुसरा प्रकार अधिक दुखावणारा आहे. अभ्यासात मागे असलेल्या मुलांसाठी जादा तासिका सुरू होते आणि तिच्या ग्रुपला `कच्ची मुले पालक` असे नाव पडते. फी बाकी असलेल्यांचा ग्रुपही ‘फी बाकी’ अशाच नावाने निघतो. ग्रुपचे नाव फक्त ग्रुपमधल्यांनाच दिसते असे नाही. संदेश येताच ते फोनच्या पडद्यावर झळकते, शेजारी बसलेला वाचतो, फोन हातात असलेले मूलही वाचते. ग्रुपची लिंक पुढे पाठवली, तर ती उघडणाऱ्यालाही सामील होण्याआधीच नाव दिसते. अशा ग्रुपला काम सांगणारे नाव पुरते : `5वी जादा तासिका पालक`.

यवतमाळ जिल्ह्यात बंजारा तांडे आणि कोलाम पोड अनेक आहेत. तिथल्या शाळेच्या ग्रुपला समाजाचे नाव देण्यापेक्षा त्या वस्तीचे स्वतःचे, रहिवासी वापरतात ते नाव द्यावे. ग्रुप शाळेचा आहे, त्यात पालक जात म्हणून नव्हे, पालक म्हणून आलेले असतात.

गैरसमज ५ : नावात ‘फक्त सूचना’ लिहिले की सुप्रभातचे संदेश थांबतात.

वस्तुस्थिती : नाव उद्देश सांगते, बंदोबस्त करत नाही. संदेश कोणी पाठवायचे हे ग्रुपच्या सेटिंगमध्ये ठरते. तिथे फक्त अॅडमिनला परवानगी ठेवली, तरच इतरांचे संदेश बंद होतात. तसे केले असेल तर `सूचना` हा शब्द नावात खरा ठरतो. केले नसेल तर तो शब्द दिशाभूल करतो, आणि खरी सूचना शुभेच्छांच्या ढिगात हरवते.

ग्रुप कोण चालवते, हेही नावातून स्पष्ट व्हायला हवे. पालकांनी आपसांत विचारपूस करायला काढलेल्या ग्रुपच्या नावात ‘अधिकृत’ किंवा फक्त शाळेचे नाव असेल, तर तिथे कोणीतरी ऐकीव म्हणून लिहिलेली सुट्टी शाळेची सूचना समजली जाते. शिक्षक चालवतात त्या ग्रुपला `5वी अ सूचना` आणि पालकांच्या ग्रुपला `5वी अ पालक` असा फरक ठेवला, की वाचणाऱ्याला कोणावर किती विसंबायचे ते कळते.

गैरसमज ६ : एकदा ठेवलेले नाव बदलायची गरज नसते.

वस्तुस्थिती : मूल दर वर्षी पुढच्या इयत्तेत जाते, ग्रुपचे नाव मात्र तिथेच राहते. दोन वर्षांपूर्वी थोरला मुलगा पाचवी ‘अ’मध्ये होता, यंदा धाकटी त्याच तुकडीत आहे, अशा घरात एकाच नावाचे दोन ग्रुप फोनमध्ये असतात. शैक्षणिक वर्ष लिहिले की हा घोळ राहत नाही. वर्ष नावाच्या शेवटी असले आणि यादीत तुटले, तरी ते टाइप करून शोधता येते.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. त्याआधीच्या आठवड्यात नाव बदलणे सोयीचे, कारण त्याच सुमारास पालक वह्या-पुस्तकांची चौकशी करायला ग्रुप शोधतात. तुकडी तीच राहणार असेल तर जुन्याच ग्रुपचे नाव बदलावे. तुकड्या बदलणार असतील तर नवा ग्रुप काढणे बरे. नाव बदलले की त्याची नोंद ग्रुपमध्ये सर्वांना दिसते, तरीही जुने नाव सांगणारा एक संदेश सोबत टाकावा. नाव बदलण्याची परवानगी सेटिंगमध्ये फक्त अॅडमिनकडे ठेवावी. ती सर्वांना खुली असेल, तर चुकून एखाद्या लहान मुलाच्या हातूनही नाव बदलले जाते.

एक नाव घडवून पाहताना

दारव्ह्याच्या वरच्या उदाहरणात आधीचे नाव होते :

`जि. प. उच्च प्राथमिक शाळा दारव्हा वर्ग 5वी अ पालक ग्रुप`

यातला ‘ग्रुप’ हा शब्द काढता येतो, कारण तो ग्रुप आहे हे दिसतेच. ‘वर्ग’ही नको, ‘5वी’ म्हटले की तो आला. ‘उच्च प्राथमिक शाळा’ हे माहितीच्या चौकटीत जाते. उरलेले शब्द उपयोगाच्या क्रमाने लावून शेवटी शैक्षणिक वर्ष जोडले की नाव होते :

`5वी अ पालक जि.प. दारव्हा 2025-26`

काना-मात्रा वेगळ्या न मोजता आणि मोकळ्या जागा धरून ही २५ अक्षरे होतात. नाव तुटले तरी इयत्ता, तुकडी आणि ‘पालक’ हे शब्द दिसतात. तिन्ही मुलांचे ग्रुप याच साच्यात असतील, तर `2री`, `5वी`, `8वी` या पहिल्या शब्दावरूनच ते वेगळे ओळखू येतात. त्यासाठी शाळेने सर्व वर्गांना एकच साचा ठरवून देणे उपयोगी पडते.

दोन शिक्षकांच्या लहान शाळेत पहिली ते चौथीचे पालक एकाच ग्रुपमध्ये असतात. तिथे `1ली ते 4थी पालक` आणि पुढे गावाचे नाव पुरते.

नाव जमले की नाही हे तपासायला, ते ठरवताना हजर नसलेल्या दोन-तीन पालकांना फोनवर ग्रुप शोधायला सांगावे. त्यांनी आपणहून काय टाइप केले ते पाहावे. तो शब्द नावात नसेल, तर तो घालावा. ज्या पालकांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी कोणतेही नाव पुरे पडत नाही. तिथे ग्रुपच्या गोल चित्रात शाळेच्या फाटकाचा किंवा इमारतीचा ओळखीचा फोटो ठेवावा आणि त्यांच्या फोनवर ग्रुप पिन करून द्यावा. एकाच शाळेत त्यांची दोन मुले असतील, तर प्रत्येक वर्गाच्या चित्राला वेगळ्या रंगाची चौकट ठेवावी, म्हणजे रंगावरून ग्रुप ओळखता येतो.