रताळ्याचा फोटो आणि आत्याचा निवाडा

महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या भाचीने पुण्यातल्या भाड्याच्या खोलीतून एक फोटो पाठवला. ओट्यावर लसणाचा गड्डा, त्यातून बोटभर हिरवे कोंब डोकावताहेत. शेजारी सुरकुतलेला आल्याचा तुकडा आणि तीन रताळी. खाली एकच ओळ होती: "आत्या, यातलं काय चालेल?" कृषी महाविद्यालयात पिकांचे रोग शिकवण्यात माझी अनेक वर्षं गेली. त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या ओट्यावरचे फोटो माझ्याकडेच येतात.

लसणाचं उत्तर मी लगेच दिलं, चालेल. कोंब आला म्हणजे लसूण विषारी झाला, असं नसतं. ही भीती बटाट्याकडून आलेली आहे. कोंब फुटलेल्या आणि हिरव्या पडलेल्या बटाट्यात खरंच अपायकारक द्रव्य वाढतं, पण लसूण त्या कुळातला नाही. कोंब वाढताना पाकळीतला ओलावा आणि साखर वापरतो, म्हणून पाकळी पोकळ होते आणि चव थोडी उग्र, कडवट लागते. कच्च्या चटणीत हे जाणवतं, तेव्हा पाकळी उभी चिरून मधला कोंब काढून टाकावा. फोडणीत टाकायचा असेल तर तेवढीही तसदी नको.

मात्र गड्ड्याच्या फोटोत पाकळीची साल दिसते, पाकळी दिसत नाही. म्हणून मी तिला दोन पाकळ्या सोलायला लावल्या. पांढऱ्या, घट्ट निघाल्या तर प्रश्न मिटला. सालीखाली निळसर-हिरवी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. ती पाकळी फेकायची आणि लगतच्या पाकळ्याही सोलून बघायच्या. पिवळट, मेणासारखी अर्धपारदर्शक झालेली पाकळीही फोटोत स्पष्ट ओळखू येते. तिच्यात आता स्वयंपाकाला देण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आल्यापाशी मी अडले. सुरकुती म्हणजे फक्त पाणी उडाल्याची खूण. असं आलं चिवट होतं, सोलताना वाया जास्त जातं, पण चहात तिखटपणा नेहमीइतकाच उतरतो. खराब आलं सुरकुतलेलं असतं तसंच मऊही असतं, आणि मऊपणा फोटोत येत नाही. "अंगठ्याने दाब," मी लिहिलं. अंगठा रुतला, पाणी सुटलं किंवा कुबट वास आला तर ते कुजलेलं आहे. टोकाशी पांढरट काही दिसत होतं, ते बुरशीही असू शकतं आणि कापलेल्या जागी वाळलेलं पीठही. दोन्ही फोटोत सारखीच दिसतात. हाताला लागलं की बुरशीचे तंतू केसाळ जाणवतात, पीठ कोरडं झडतं. तिच्या आल्याचं पीठ झडलं. आणि हो, आलं कापल्यावर आत निळसर कडं दिसलं तर घाबरू नये. काही जातींत तो रंग मुळातच असतो.

आता रताळी. या तीन जिनसांत माणसं रताळ्याबद्दल सर्वांत निर्धास्त असतात, आणि खरी काळजी तिथेच घ्यायला हवी.

रताळ्याला कोंब आले तर काही बिघडत नाही. रताळं बटाट्याचा नातेवाईक नाही. त्याचं कूळ नाळीच्या भाजीचं, आणि त्याच्या वेलाची कोवळी पानंही कितीतरी ठिकाणी भाजी म्हणून खातात. धोका डागात असतो. बुरशी किंवा किडीने पोखरलं की रताळं स्वतःच बचावासाठी कडू द्रव्यं तयार करतं. त्यांतलं एक आयपोमिअमारोन, ते यकृताला घातक. बुरशी लागलेल्या रताळ्यात आणखीही द्रव्यं तयार होतात, जी फुप्फुसाला इजा करतात. अशी रताळी चारल्यामुळे गुरं दम लागून दगावल्याच्या नोंदी आहेत. माणसं सहसा वाचतात, कारण कडू घास आपण थुंकतो. पण ही द्रव्यं उकडून किंवा भाजून पूर्ण नष्ट होत नाहीत. "शिजवलं की सगळं मरतं" हा भरवसा इथे कामाचा नाही: बुरशी मरते, तिच्यामुळे तयार झालेलं द्रव्य उरतं.

तिच्या फोटोत पहिल्या रताळ्यावर तपकिरी-काळे पसरट डाग होते, दुसऱ्यावर एक गोल काळा ठिपका आणि दोन बारीक भोकं, तिसरं स्वच्छ. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळे डाग एकाच रंगाचे दिसत होते. फ्लॅश मारला की कोरडी सालही ओली, बुळबुळीत वाटते. म्हणून मी सांगितलं की सकाळी खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढ. रताळ्याच्या दोन्ही बाजू दाखव. मग डागावरूनच उभं काप आणि कापल्या कापल्या पुन्हा फोटो घे. थांबलीस तर चांगला गरही हवेने काळपट पडतो आणि त्यावरून काही कळत नाही.

सकाळचे फोटो आले. पहिल्या रताळ्याचा डाग फक्त सालीतला होता, खाली गर अगदी पांढरा. हा सालीचा रोग आहे, दिसायला ओंगळ पण सोललं की संपला. दुसऱ्याचा ठिपका नाण्याच्या निम्म्या आकाराचा, किंचित खोलगट, मध्यभागी बारीक काळे केस उभे राहिल्यासारखे. कापल्यावर त्याखालचा गर हिरवट-काळा. हा काळ्या कुजेचा नमुना. भोकांबद्दल मी तिला काडी घालून बघायला सांगितलं. मुळं तुटलेल्या जागीही खळगे असतात, पण ते उथळ. काडी आत गेली तर तो सोंड्या भुंग्याच्या अळीचा बोगदा. काडी दीड इंच आत गेली.

"काळा भाग कापून बाकीचं वापरू?" तिने विचारलं. एरवी डागाभोवतीचा बोटभर चांगला गर काढून टाकला की बरंचसं कडू द्रव्य जातं, कारण ते डागाच्या कडेपलीकडेही पसरलेलं असतं. पण कुजही आहे आणि बोगदाही, तिथे कुठवर कापणार? शिवाय रताळ्याच्या किसात एक कडू तुकडा गेला तर कढईभर कीस बिघडतो. मी फेकायला सांगितलं. पहिल्या रताळ्याचा भाताच्या शिताएवढा तुकडा जिभेला लावून थुंकायलाही सांगितलं, गोड लागला.

तिसऱ्याबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं. साल नितळ, कापलेला गर एकसारखा, कुठे भोक नाही. चांगलं आहे, असं कळवून मी माझ्या उपासाच्या तयारीला लागले. दुपारी तिचा फोन आला. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, पहिलं लोण्यासारखं शिजलंय आणि तिसऱ्याचा मधला गाभा अजून टणकच आहे. मी विचारलं, फ्रीजमध्ये ठेवलं होतंस का?

"हो," ती म्हणाली. "एवढं एकच. दोन आठवडे."

रताळ्याला फ्रीजची थंडी सोसत नाही. गाभा असा निबर होऊन बसतो आणि कितीही शिजवलं तरी मऊ होत नाही. खायला धोका नाही, पण ते घशाखाली उतरत नाही. वरची कड कापून तिने तुपात परतली आणि गाभा टाकून दिला.