रस फुटला, बॉस!

शनिवारची रात्र. औंधमधला माझा टू बीएचके, चार पाहुणे, त्यातला एक खुद्द माझा बॉस. हा माणूस मालवणात लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे मेन्यूवर चर्चाच नव्हती. कोळंबीची कढी, भात आणि सोलकढी. सव्वाआठपर्यंत सगळं झकास चाललं होतं. नारळाचा घट्ट रस कढईत ओतला, रंग काय सुंदर आला! तेवढ्यात बेल वाजली, कढी गरम राहावी म्हणून मी गॅस मोठा केला, वर झाकण ठेवलं आणि दार उघडायला गेलो.

पाच मिनिटांनी झाकण काढलं तर आत कढी नव्हतीच. खाली पिवळसर पाणी, वर तेलाचे डोळे आणि मध्ये पनीर कुस्करून टाकल्यासारखे पांढरे कण. चमच्याने ढवळलं, आणखी ढवळलं, काही फरक नाही. बाल्कनीत जाऊन सावंतवाडीच्या मावशीला फोन लावला.

‘‘अरे मेल्या, रसाक उकळी कित्याक आणलंस?’’ मावशीचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य छापण्यासारखं नाही.

त्या रात्री बॉसने तीच कढी दोनदा वाढून घेतली. फुटलेला रस खराब नसतो, चवही फारशी बिघडत नाही, फक्त दिसायला वाईट आणि जिभेला रवाळ लागतो. पण माझा इगो दुखावला होता. मग पुढचे दोन-तीन वीकएण्ड नारळ फोडण्यात गेले.

तर मामला असा आहे. नारळाचा रस म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे असंख्य बारीक थेंब. तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. इथे ते एकत्र नांदतात, कारण नारळातली प्रथिनं प्रत्येक थेंबाभोवती पातळ अंगरख्यासारखी बसलेली असतात. रस साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की ही प्रथिनं आकसून गोळा व्हायला लागतात, अंड्याचा पांढरा भाग शिजताना होतो तसंच काहीसं. अंगरखा गेला की थेंब उघडे पडतात. त्यात खळखळ उकळी असेल तर ते एकमेकांवर आपटतात, एकत्र येतात आणि तेल होऊन वर जातात. आकसलेल्या प्रथिनांचे ते पांढरे कण. म्हणजे उष्णता आणि घुसळण, दोन्ही एकदम. मी मोठ्या गॅसवर झाकण ठेवून दोन्हीची चोख सोय केली होती.

तिसरा गुन्हेगार म्हणजे आंबट. कोकम, चिंच, टोमॅटो, काहीही. आंबटपणामुळेही ही प्रथिनं एकमेकांना चिकटतात. तुम्ही म्हणाल, मग सोलकढी कशी होते? तीही कोकम आणि नारळाचा रसच की! होते, कारण ती गॅसवर चढतच नाही. आणि तिलाही फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून बघा, खाली गुलाबी पाणी आणि वर साय. नुसतं आंबट असेल तर रस थोडा वेळ धीर धरतो. आंबट आणि उकळी एकत्र आली की संपलं.

एक गोंधळ मात्र टाळा. साधा रस फ्रिजमध्ये ठेवला आणि वर घट्ट थर जमला, तर तो फुटलेला नाही. खोबऱ्याचं तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, तेवढंच. कोमट करून ढवळलं की बहुतेक वेळा पुन्हा एकजीव होतो. फुटलेला रस ढवळून जुळत नाही, हीच ओळख.

आता मावशीची पद्धत, चार जणांसाठी. एक मोठा नारळ खवा. पाऊण कप कोमट पाण्यात मिक्सरला फिरवून फडक्यातून पिळा. हा घट्ट रस, बाजूला ठेवा. कोमट पाणी अशासाठी, की थंड पाण्यात तेल गोठतं आणि रस नीट सुटत नाही. उरलेल्या चोथ्यात दीड कप पाणी घालून पुन्हा फिरवा आणि पिळा. हा पातळ रस. त्यात तेल कमीच, त्यामुळे फुटायला फारसं काही नसतं. उकळायचा तो हा.

कढईत तेलावर ठेचलेला लसूण, कांदा, हळद आणि मालवणी मसाला परता. पातळ रस ओता. दोन चमचे तांदळाची पिठी थोड्या गार पाण्यात कालवून घाला आणि चांगली उकळी येऊ द्या. ही पिठी म्हणजे आपला इन्शुरन्स. ती शिजली की रस दाट होतो, आणि तेलाच्या थेंबांना एकमेकांपर्यंत पोचायला वेळ लागतो. गोव्याकडे वाटणात भिजवलेले तांदूळ घालतात, त्याचाही हा एक फायदा. आता अर्धा किलो साफ केलेली कोळंबी, मीठ आणि पाच-सहा आमसुलं. तीन-चार मिनिटांत कोळंबी वळते. वळली की आमसुलं काढून टाका.

खरी परीक्षा इथे आहे. गॅस अगदी बारीक करा आणि उकळी पूर्ण बसू द्या. घट्ट रसात आधी एक डाव गरम कढी मिसळा, म्हणजे त्याला एकदम चटका बसणार नाही. मग तो बारीक धारेने कढईत सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. (एकाच दिशेने ढवळायचं, असं मावशी म्हणते. मी दोन्ही दिशांनी ढवळून पाहिलं, काही बिघडलं नाही. तिला सांगू नका.) वाफ दिसायला लागली, कडेला एखाददुसरा बुडबुडा उठला की गॅस बंद. झाकण नको, कारण आतली उष्णता तेवढ्यातही काम करत राहते. इंडक्शनवाल्यांनी जास्त सांभाळावं. काही शेगड्या ‘लो’वर ठेवल्या तरी मधूनमधून पूर्ण जोराने तापतात आणि बंद होतात, तेवढी एक उकळी पुरते. घट्ट रस घालताना कढई सरळ खालीच उतरवा.

डब्यातल्या किंवा टेट्रा पॅकच्या रसाचं गणित वेगळं. त्यातल्या बऱ्याच ब्रॅण्ड्समध्ये रस फुटू नये म्हणून ग्वार गमसारखे पदार्थ घातलेले असतात, तो बरीच उकळी सोसतो. थायलंडमध्ये तर घट्ट रस मुद्दाम तेल सुटेपर्यंत आटवतात आणि त्यात करी पेस्ट परततात, तिथे असा न फुटणारा डबाच अडचण ठरतो. आपलं खोबऱ्याचं वाटणही उकळतो आपण बिनधास्त. त्यावर तवंग आलेला आपल्याला हवाच असतो.

आणि फुटलाच तर? कोळंबी बाहेर काढा, रस थोडा निवू द्या, चमचाभर शिजवलेला भात घालून मिक्सरमधून फिरवा, मंद आचेवर कोमट करून वाढा. पहिल्यासारखा रेशमी होत नाही, पण फोटोत खपून जातो.

गेल्या महिन्यात बॉस पुन्हा आला. या वेळी कढी नीट जमली, उरलेली त्याने डब्यात भरून नेली. सोमवारी ऑफिसच्या पॅण्ट्रीत तो मायक्रोवेव्हपाशी उभा दिसला, फुल पॉवर, चार मिनिटं. मी धावत जाऊन दार उघडलं. अर्ध्या पॉवरवर, तीस-तीस सेकंद, मध्ये ढवळत. कडा तोपर्यंत फुटल्या होत्या.