सांध्यांना चाटून हृदयाला धरणारा ताप

नऊ वर्षांच्या मुलीचा उजवा गुडघा सुजला. दोन दिवसांनी तो उतरला आणि घोटा धरला. अंगात ३८.५ अंश सेल्सियस ताप होता. तीन आठवड्यांपूर्वी घसा दुखून गेल्याचे आईला विचारल्यावरच आठवले. संधिवाती तापाचे हे नेहमीचे रूप. रक्तात त्याची एकच खूण नसल्याने निदान १९४४च्या जोन्स निकषांवर होते. ते २०१५मध्ये सुधारले गेले.

हृदयदाह, सांधेदाह, हातापायांच्या अनावर हालचाली (कोरिया), त्वचेवरील कडेदार चट्टे आणि त्वचेखालच्या गाठी हे प्रमुख निकष. ताप, सांधेदुखी, वाढलेला ईएसआर किंवा सीआरपी आणि ईसीजीत लांबलेले पीआर अंतर हे गौण. स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गाचा पुरावा आणि दोन प्रमुख, किंवा एक प्रमुख व दोन गौण निकष लागतात. कोरिया उशिरा उमटतो, म्हणून तेव्हा संसर्गाच्या पुराव्याचा आग्रह नसतो.

या मुलीचे एएसओ वाढलेले होते, पण सूज हा एकच प्रमुख निकष. ताप आणि वाढलेला ईएसआर धरून निदान पुरे झाले. सूज मोजल्यावर सांधेदुखी पुन्हा मोजत नाहीत; विद्यार्थी इथेच चुकतात. ॲस्पिरिन घाईने दिले, तर सूज पुढच्या सांध्यात जाण्याआधीच विरते आणि निदान हुकते.

हृदयात सर्वाधिक मार मायट्रल झडपेला बसतो, त्याखालोखाल महाधमनीच्या झडपेला. फुप्फुसधमनीची झडप क्वचितच सापडते. आधी झडप गळते. पुढे वर्षानुवर्षे पाकळ्यांच्या कडा चिकटून ती अरुंद होते. पुन्हा झटका येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात.