नीलवंत जांभळा झाला, त्याची तक्रार

घराभोवतीच्या किड्यांवरचं आमचं 32 पानांचं पुस्तक प्रेसमधून आलं, तेव्हा मी आधी मधलं पान उघडलं. त्या जोडपानावर नीलवंत फुलपाखरू पंख पसरून बसलं होतं. चित्रकाराने त्याला झगझगीत निळा दिला होता. छापून आला तो वांग्याच्या सालीसारखा जांभळा. पुढची पानं चाळली, तर काही प्रतींत पानांचे आकडे खालून अर्धे कापलेले. 500 प्रती होत्या.

त्याच रात्री मी मुद्रकाला पत्र लिहायला घेतलं. ‘स. न. वि. वि.’ झाल्यावर पहिलंच वाक्य होतं, ‘रंग पूर्ण सरकले आहेत आणि मार्जिन खाल्लं आहे, हे काम आम्हाला मान्य नाही.’ ते मी पाठवलं नाही, हे बरंच झालं. त्या वाक्याला मुद्रकाचं उत्तर ठरलेलं असतं: फाइलमध्ये होतं तेच छापलं. आणि नेमकं काय बिघडलं हे सांगता येत नसेल, तर त्यावर बोलायला आपल्याकडे काही उरत नाही.

‘रंग सरकले’ या दोन शब्दांत दोन वेगळे आजार लपलेले असतात. चार रंगांची छपाई म्हणजे निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळा आणि काळा. प्रत्येकाची प्लेट वेगळी आणि चारही ठसे एकाच जागी बसायला हवेत. एखादी प्लेट केसभर हलली तर कडांना रंगीत सावली दिसते. प्रेसमध्ये याला ‘रजिस्टर आऊट’ म्हणतात. दुसरा आजार वेगळा. ठसे अगदी जागेवर असतात, पण रंगाचं मिश्रणच चुकलेलं असतं. पहिला मशीनवर होतो, दुसरा बहुतेकदा फाइलमध्ये किंवा फाइल प्लेटवर जाताना.

ओळखायचं कसं? दहा प्रती घेऊन तेच पान शेजारी शेजारी उघडायचं. रजिस्टर गेलं असेल, तर छपाईच्या ओघात ते कमीजास्त होतं, म्हणून सगळ्या प्रती सहसा अगदी सारख्या दिसत नाहीत. मिश्रण चुकलं असेल, तर दहाही प्रती सारख्याच चुकतात. आमच्या दहाही फुलपाखरांचा जांभळा एकच होता. भिंगाखाली पंखांच्या कडाही स्वच्छ होत्या.

मग दोष फाइलकडे गेला आणि मला जरा घाम फुटला. स्क्रीन लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवते. कागदावर मात्र चार शाया असतात. स्क्रीनवरचा भडक निळा या शायांत सापडतच नाही. तो सायन आणि मॅजेंटा मिसळून गाठावा लागतो आणि मॅजेंटा सायनच्या जवळ पोहोचला की निळा जांभळ्याकडे झुकतो. म्हणून जाणते डिझायनर निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी ठेवतात. आमची चित्रं स्क्रीनच्याच रंगपद्धतीत पीडीएफमध्ये राहून गेली होती. रूपांतर प्रेसच्या सॉफ्टवेअरने आपल्या हिशेबाने केलं. अ‍ॅक्रोबॅटमधल्या `Output Preview` मध्ये पाहिलं असतं, तर हे पाठवण्याआधी दहा मिनिटांत कळलं असतं. PDF/X-1a या प्रमाणात फाइल बनवली असती, तरी गोष्ट आधीच अडली असती, कारण त्यात स्क्रीनचे रंग चालतच नाहीत.

म्हणजे रंगाच्या बाबतीत तक्रारीचा एक पाय माझ्याच दारात होता.

मार्जिनचं मात्र पट्टीने सांगितलं. पुस्तकातले किडे प्रत्यक्ष आकारात होते, म्हणून शेवटच्या पानावर मुलांसाठी 10 सेंमीची पट्टी छापली होती. तिच्यावर खरी फुटपट्टी ठेवली, तर ती 10.4 भरली. नुसती कटिंगची चूक असती, तर पट्टी 10 सेंमीच राहिली असती, फक्त कागदाची कड जवळ आली असती. पट्टी वाढली याचा अर्थ पानंच मोठी केली गेली होती, 4 टक्क्यांनी.

का, तेही हिशेबात बसलं. पुस्तक ए5, म्हणजे 148 बाय 210 मिमी. ज्या चित्रांना कागदाच्या कडेपर्यंत जायचं असतं, ती कडेबाहेर 3 मिमी जास्त ठेवतात, म्हणजे कटिंग थोडं इकडेतिकडे झालं तरी पांढरी रेघ उरत नाही. या जादा भागाला ब्लीड म्हणतात. फाइलमध्ये पान कुठे कापायचं ते `TrimBox` सांगतो आणि ब्लीड कुठवर आहे ते `BleedBox`. आमच्या फाइलमध्ये ब्लीड नव्हतंच. मग प्रेसमधल्या कुणीतरी पानच ताणलं. 148 चे 154 केले की दोन्ही बाजूंना 3 मिमी मिळतात आणि 154 भागिले 148 म्हणजे 1.04.

आता पानांच्या आकड्यांकडे बघू. आकड्याची खालची कड कागदाच्या कडेपासून 5 मिमी वर होती, म्हणजे पानाच्या मध्यापासून 100 मिमी. ताणल्यावर ती 104 वर गेली. कापायची रेघ 105 वर. उरला एक मिलिमीटर. गठ्ठा कापताना ब्लेड जाडीत किंचित तिरकं जातं, वरच्या आणि तळाच्या तावात फरक पडतो आणि एक मिलिमीटर तेवढ्यात संपतो. म्हणून काही प्रतींत आकडे शाबूत आणि काहींत अर्धे.

मग जे पत्र गेलं, त्यातला मुख्य भाग असा होता:

‘आमच्या फाइलमध्ये ब्लीड नव्हतं आणि चित्रं स्क्रीनच्या रंगपद्धतीत होती, हे आम्ही मान्य करतो. परंतु पान 4 टक्क्यांनी मोठं करण्यापूर्वी आपण विचारलं नाही. शेवटच्या पानावरची 10 सेंमीची पट्टी छापील प्रतीत 10.4 सेंमी आहे, म्हणजे प्रत्यक्ष आकारात म्हणून दिलेला प्रत्येक किडा चुकीच्या मापाचा आहे. छपाईपूर्वीचं प्रूफ ठरलं होतं, ते आलं नाही. आले असते तर दोन्ही दोष तेव्हाच दिसले असते. सोबत चार प्रती जोडल्या आहेत, दोष असलेल्या दोन आणि नसलेल्या दोन. न कापलेला एक ताव आपल्याकडे असल्यास कृपया जपून ठेवावा.’

ताव मागण्यामागे कारण होतं. रजिस्टर पाहण्याची फुल्यांची चिन्हं आणि रंगांची पट्टी तावाच्या कडेला छापतात आणि कटिंगमध्ये ती कचऱ्यात जातात. एकदा ती गेली की शाई किती लागली आणि प्लेटी कुठे होत्या, याचा साधा पुरावा उरत नाही. कोणाच्या बाजूने निघेल ते माहीत नसतानाही मी तो मागितला, कारण नंतर शोधून मिळत नाही.

मुद्रक दुसऱ्या दिवशी स्वतः ताव घेऊन आले. टेबलावर पसरला आणि भिंगातून मजकूर दाखवला. माझं लक्षच गेलं नव्हतं. काळी अक्षरंही स्क्रीनच्याच काळ्यात होती, म्हणून रूपांतरात ती चारही प्लेटींत गेली होती. बारीक अक्षर चार ठशांत जुळवणं ही मशीनमनची शिक्षाच. रजिस्टर त्यांनी बऱ्यापैकी धरलं होतं. बाकी त्यांनी ताणलेल्या पानाबद्दल काही मखलाशी केली नाही. ‘मुलाने केलं, मला सांगितलं नाही,’ एवढंच म्हणाले.

तोडगा असा निघाला: कागद माझा, प्लेटी आणि छपाई त्यांची. फाइल आम्ही नव्याने केली, 3 मिमी ब्लीड, आकडे कडेपासून 10 मिमी आत, मजकूर फक्त काळ्या प्लेटीत. निळ्यातला मॅजेंटा उतरवला. प्रूफ आलं, त्यावर सही करण्याआधी मी फुटपट्टी काढली. शेवटच्या पानावरची पट्टी बरोबर 10 सेंमी होती. नीलवंत स्क्रीनवरच्याइतका झगझगीत नव्हताच, पण निळा होता. चित्रकाराला फोन करून तेवढं आधी सांगून टाकलं.