पाच हात आणि पाच टक्के : कापसापासून शर्टापर्यंत कराचा हिशेब

मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरापासून अकोल्याच्या बाजारापर्यंत, जिथे जिथे कापसाचे बोलणे निघते तिथे तिथे वस्तू व सेवा कराविषयीचे एक गणित हमखास मांडले जाते आणि ते मांडणाऱ्याला त्याच्या खरेपणाविषयी यत्किंचितही शंका नसते. जिनिंगवाला पाच टक्के लावतो, सूतगिरणी पाच टक्के लावते, मग विणणारा, मग शिवणारा आणि शेवटी दुकानदारही पाच टक्के लावतो, म्हणजे एका शर्टावर पंचवीस टक्के कर बसतो, असे ते गणित आहे. हे गणित चुकीचे आहे, आणि थोडेथोडके नव्हे, तर मूळ पायातच चुकीचे आहे. तरीही शिकलेसवरलेले लोक ते इतक्या वेळा सांगतात की आकडे मांडून एकदाचा त्याचा निकाल लावणे आवश्यक ठरते.

ज्या कराची ही चर्चा आहे त्याचे शास्त्रीय नाव मूल्यवर्धित कर. वस्तूच्या पूर्ण किमतीवर पुन्हा पुन्हा कर न घेता, प्रत्येक टप्प्यावर तिच्या किमतीत जेवढी भर पडली तेवढ्यावरच कर घ्यायचा, हे त्याचे तत्त्व असून मोरिस लोरे या फ्रेंच अधिकाऱ्याच्या कल्पनेतून 1954 मध्ये फ्रान्समध्ये तो प्रथम अमलात आला. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2005 पासून जुन्या विक्रीकराच्या जागी याच नावाचा कर आला आणि 1 जुलै 2017 पासून त्याची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. नाव बदलले तरी तत्त्व तेच राहिले. ही भर मोजण्यासाठी कोणीही व्यापाऱ्याचा नफा तपासत बसत नाही. व्यापारी विक्रीवर कर गोळा करतो, त्यातून स्वतःच्या खरेदीवर आधीच दिलेला कर वजा करतो आणि उरलेली रक्कम सरकारात भरतो. खरेदीवर दिलेल्या आणि अशा रीतीने वजा करता येणाऱ्या कराला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. व्यवहारात नुसते ‘क्रेडिट’ किंवा ‘आयटीसी’ म्हणण्याची पद्धत आहे.

आता दहा क्विंटल कापूस घेऊन हा प्रवास पाहता येईल. पुढील भाव समजुतीसाठी धरलेले आहेत, पण वजनांचा मेळ जिनिंगमधल्या नेहमीच्या उताऱ्याला धरून आहे. रिद्धपूरच्या परिसरातील शेतकऱ्याने आपला कापूस 7,500 रुपये क्विंटल या भावाने थेट जिनिंगला विकला, तर त्याचे 75,000 रुपये होतात. शेतकरी बिलावर कर लावत नाही, कारण स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणी करावी लागत नाही, असे केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाचे कलम 23 स्पष्ट सांगते. मात्र कच्चा कापूस करपात्र आहे. म्हणून 14 नोव्हेंबर 2017 च्या अधिसूचनेने हा कर भरण्याची जबाबदारी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे वळवली आणि याच उलट्या व्यवस्थेला रिव्हर्स चार्ज म्हणतात. जिनिंगवाला 75,000 वर पाच टक्के, म्हणजे 3,750 रुपये, स्वतः रोखीने भरतो आणि तेवढ्याच रकमेचे क्रेडिट स्वतःच्या खात्यात घेतो.

दहा क्विंटलातून साधारण 340 किलो रुई, म्हणजे 170 किलोच्या बरोबर दोन गाठी, आणि सुमारे 650 किलो सरकी निघते. राहिलेले घटीत जाते. रुई 55,000 ला आणि सरकी 26,000 ला गेली, तर एकूण 81,000 वर जिनिंगवाला 4,050 रुपये कर गोळा करतो, त्यातून आधी भरलेले 3,750 वजा करतो आणि 300 रुपये भरतो. त्याने किमतीत घातलेली भर 6,000 रुपयांची होती आणि तिचे पाच टक्के बरोबर 300 होतात. रुईच्या बिलावर लागलेला 2,750 रुपये कर आता सूतगिरणीबरोबर पुढे निघतो.

गिरणी त्या रुईचे सूत 72,000 ला विकते, 3,600 रुपये कर घेते, 2,750 वजा करते आणि 850 भरते. विणणारा त्याचे कापड 1,00,000 ला विकतो, 5,000 घेतो, 3,600 वजा करतो आणि 1,400 भरतो. शिवणारा त्या कापडाचे एक हजार शर्ट 2,20,000 ला दुकानदाराला देतो, 11,000 घेतो, 5,000 वजा करतो आणि 6,000 भरतो. दुकानदार प्रत्येक शर्ट 300 रुपयांना, म्हणजे सगळे 3,00,000 ला विकतो, गिऱ्हाइकांकडून 15,000 कर घेतो, 11,000 वजा करतो आणि 4,000 भरतो. (22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के दर आहे. बटणे, दोरा, यंत्रांचे सुटे भाग यांवरील करही असाच वजा होतो, पण हिशेब सोपा राहावा म्हणून तो येथे बाजूला ठेवला आहे.)

या हिशेबात एक शर्ट हातात घेऊन पाहावा. त्याच्या बिलावर 15 रुपये कर दिसतो. त्यातले 2 रुपये 75 पैसे कापूस आणि जिनिंग या टप्प्यांवर, 85 पैसे गिरणीत, 1 रुपया 40 पैसे विणताना, 6 रुपये शिवताना आणि 4 रुपये दुकानात सरकारजमा झाले. त्यांची बेरीज 15 रुपयेच होते, एक पैसा अधिक नाही. पाच हातांनी पाच टक्के लावले हे खरे, पण प्रत्येकाने आधीच्याचे पाच टक्के काढूनही घेतले, आणि लोकांच्या गणितातून नेमकी हीच दुसरी क्रिया गळालेली असते. वजावट मुळीच नसती आणि रुईपासून पुढच्या पाचही बिलांवरचा कर साचत गेला असता, तरी तो 37,350 रुपये, म्हणजे शेवटच्या किमतीच्या साडेबारा टक्क्यांच्या आत राहिला असता. कारण पाच टक्के दर वेळी वेगळ्या रकमेवर लागतात आणि वेगळ्या रकमांवरच्या टक्क्यांची थेट बेरीज करता येत नाही, हे शाळेतले अंकगणित आहे. म्हणजे पंचवीसचा आकडा वजावट नसलेल्या व्यवस्थेतही खरा ठरत नाही.

या गैरसमजाला भूतकाळाचा आधार मात्र आहे. 2017 पूर्वी कारखान्यातून निघणाऱ्या मालावर केंद्राचे उत्पादनशुल्क लागत असे, ते धरून झालेल्या किमतीवर राज्याचा कर लागत असे आणि एकाची वजावट दुसऱ्यातून मिळत नसे. तो खरोखर करावर कर होता. व्यवस्था बदलली, पण तिची आठवण बदलली नाही.

भाषेनेही घोळ वाढवला आहे. ‘व्यापाऱ्याला टॅक्स परत मिळतो’ असे सर्रास म्हटले जाते आणि त्यावरून सरकार व्यापाऱ्यांना पैसे वाटते, असा दुसरा ग्रह तयार होतो. मराठी भाषा विद्यापीठ ज्या रिद्धपुरात उभे राहिले, तिथल्या परिसरात तरी ‘परतावा’ आणि ‘वजावट’ हे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. परताव्यात सरकारच्या तिजोरीतून रक्कम बाहेर येते, जशी ती निर्यातदाराला मिळते, कारण निर्यातीवर कर शून्य असतो आणि त्याच्याकडे क्रेडिट पडून राहते. वजावटीत असे काही घडत नाही. वरच्या उदाहरणातील दुकानदाराने शिवणाऱ्याला 11,000 खरोखर दिलेले असतात आणि म्हणूनच तो पुढे 4,000 च भरतो.

ते 11,000 दिले एवढ्याने मात्र भागत नाही, आणि येथेच साखळी तुटते. वजावटीसाठी पक्के बिल हवे, माल मिळालेला हवा, आणि विकणाऱ्याने ते बिल आपल्या GSTR-1 या विवरणपत्रात दाखवलेले हवे. तसे दाखवले की ते घेणाऱ्याच्या GSTR-2B मध्ये आपोआप उमटते. 1 जानेवारी 2022 पासून तिथे न उमटलेल्या बिलाची वजावट घेता येत नाही. शिवणाऱ्याने बिल दिले, पैसे घेतले, पण विवरणपत्र भरले नाही, तर दुकानदाराला पूर्ण 15,000 भरावे लागतात. त्या 1,000 शर्टांवरचा त्याचा 80,000 चा नफा 69,000 वर येतो. म्हणून जाणता दुकानदार दर महिन्याच्या 14 तारखेनंतर आपली खरेदीवही आणि 2B समोरासमोर ठेवतो. 180 दिवसांत विकणाऱ्याला पैसे दिले नाहीत, तर घेतलेले क्रेडिटही व्याजासह परत करावे लागते. ‘बिल नको, स्वस्तात पडेल’ या सौद्याचे मर्मही यातच आहे: विनाबिल घेतलेल्या मालाला वजावट नसते, त्यामुळे पुढची विक्रीही लपवल्याखेरीज तो स्वस्त पडत नाही.

साखळीच्या पहिल्या टोकाची अडचण याहून गंभीर आहे. ‘जीएसटी भरावा लागतो’ असे सांगून कापसाच्या भावातून पाच टक्के कमी केले जात असतील, तर ते कारण खोटे आहे, कारण जिनिंगवाल्याने भरलेले 3,750 त्याच्या क्रेडिटमध्ये जमा होतात. त्याची खरी झळ एवढीच की ऐन हंगामात ही रक्कम रोखीने द्यावी लागते आणि गाठी विकेपर्यंत ती अडकून राहते. शेतकऱ्याची झळ मात्र कायमची आहे. खतावर पाच टक्के आणि रासायनिक कीटकनाशकावर अठरा टक्के कर तो भरतो, पण नोंदणी नसल्यामुळे त्याची वजावट त्याला मिळत नाही आणि तो कर 75,000 च्या आत गाडला जातो. डिझेलचेही तसेच आहे. ते या करात आलेलेच नाही, त्यावर राज्याचा जुना मूल्यवर्धित कर चालू आहे आणि त्याची वजावट जिनिंगवाल्यालाही नाही, गिरणीलाही नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात उरकता येतात. बिलावर केंद्राचा आणि राज्याचा कर वेगळा दिसतो म्हणून तो दुप्पट होत नाही. पाच टक्क्यांचेच अडीच-अडीच असे दोन भाग असतात. कंपोझिशन योजनेतला दुकानदार गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही आणि त्याच्याकडच्या खरेदीवर क्रेडिटही मिळत नाही. खेडा खरेदी करणारा व्यापारी म्हणजे शेतकरी नव्हे, त्यामुळे त्याच्याकडून घेतलेल्या कापसाला रिव्हर्स चार्जचा नियम लागत नाही.

‘करमुक्त म्हणजे करविरहित’ ही समजूत मात्र सरकीच्या उदाहरणाने तपासावी. तेलगिरणीने वरची 650 किलो सरकी घेताना 1,300 रुपये कर दिला. तिच्यापासून निघणाऱ्या तेलावर कर आहे आणि ढेप करमुक्त आहे. विक्रीच्या किमतीत ढेपेचा वाटा सत्तर टक्के असेल, तर 1,300 पैकी 910 रुपयांचे क्रेडिट गिरणीला सोडून द्यावे लागते, कारण करमुक्त मालासाठी वापरलेल्या खरेदीवर वजावट मिळत नाही. हे 910 रुपये गिरणी आपल्या खर्चात धरते, आणि गाईम्हशींसाठी ढेपेचे पोते नेणाऱ्याच्या बिलावर कराचा रकाना कोरा असला तरी त्या पोत्याच्या भावात ते असतात.